बीजभाषणाची पहिली दीड मिनिटं

परिषदेचा विषय संयोजकांनीच ठरवला होता: रुग्णालयात माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तेव्हा वाटेत काय गळतं. बीजभाषण माझं होतं, चाळीस मिनिटांचं, सकाळचं पहिलंच. मी आधी श्रोत्यांची यादी मागवून घेतली. डॉक्टर होते, परिचारिका होत्या, औषधनिर्माते, नोंदी सांभाळणारे कर्मचारी, संगणकप्रणाली लिहिणारे, प्रशासनातले अधिकारी आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या संघटनांचे प्रतिनिधी. मंचाच्या कडेला खुणांच्या भाषेत भाषांतर करणारी दुभाषी उभी राहणार होती. अशा सभागृहात निम्म्यांना जे पाठ असतं, ते उरलेल्या निम्म्यांनी कधी ऐकलेलंही नसतं. त्यातही काही जण रोज एकमेकांच्या चुका निस्तरत असतात.

भाषणाच्या सुरुवातीला किस्सा हवाच होता असं नाही. चांगला मिळाला नाही तर सरळ मुद्द्यानं सुरुवात करायची, असं मी ठरवून टाकलं होतं. ओढूनताणून आणलेल्या किस्स्यापेक्षा ते कधीही बरं. पण "एककाशिवाय आकडा म्हणजे धोका" असं पहिलंच वाक्य टाकलं तर लोक मान डोलावतात आणि फोन काढतात. हे सगळ्यांना माहीतच असतं. ते घडताना दिसलं पाहिजे, म्हणून मी शोधाला लागले.

किस्सा शोधण्याआधी भाषण पूर्ण लिहून काढलं. बरेच वक्ते उलटं करतात. आवडलेला किस्सा आधी घेतात आणि भाषण त्याच्या मागे फरफटत नेतात. भाषण लिहून झाल्यावर त्याचा गाभा एका वाक्यात उतरवला: आकडा एकटा पाठवायचा नाही, तो कशाचा आहे, कधी मोजला आणि कुणी मोजला, हे त्याच्याबरोबर गेलं पाहिजे. हे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवलं. पुढचे सगळे किस्से या वाक्यासमोर उभे करून तपासले.

पहिला उमेदवार डोक्यात आपोआप आला, कारण तो मी इतर वक्त्यांच्या तोंडून वारंवार ऐकला होता. अमेरिकेनं अंतराळात लिहिणारं पेन बनवायला कोट्यवधी डॉलर घातले आणि रशियनांनी साधी पेन्सिल वापरली, तो किस्सा. हशा हमखास पिकतो. अडचण एवढीच की तो खरा नाही. सुरुवातीच्या उड्डाणांत अमेरिकन अंतराळवीरही पेन्सिलच वापरत. ते पेन पॉल फिशर नावाच्या एका खासगी उद्योजकानं स्वतःच्या पैशानं बनवलं होतं, आणि पुढे रशियनांनीही तेच विकत घेतलं. पेन्सिलीचं टोक तुटून शून्य गुरुत्वाकर्षणात तरंगणारा तुकडा उपकरणात शिरू शकतो, त्यामुळे पेनची गरज काही हास्यास्पद नव्हती. सभागृहात एकालाही हे माहीत असलं आणि त्यानं शेजाऱ्याच्या कानात सांगितलं, तर पुढची एकोणचाळीस मिनिटं माझ्या प्रत्येक आकड्याकडे संशयानंच पाहिलं जाणार. अचूक नोंदींवर बोलणारीनं दंतकथेनं सुरुवात करायची, म्हणजे पायावर धोंडा मारून घेणंच.

दुसरा उमेदवार खरा होता, आणि वैद्यकातलाच. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइसच्या लक्षात आलं की जिथे डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणं करतात, तिथे सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त बायका प्रसूतिज्वरानं मरतात. शवविच्छेदनाच्या खोलीतून लोक थेट प्रसूतिकक्षात येत होते. त्यानं क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्यानं उतरले. तरी सहकाऱ्यांनी त्याचं ऐकलं नाही. १८६५ साली तो मनोरुग्णालयात वारला.

या किस्स्यावर मी बराच वेळ घुटमळले. गोष्ट ताकदीची आहे, श्रोत्यांच्या क्षेत्रातली आहे, पुरावे पक्के आहेत. पण समोरचं वाक्य वाचलं आणि गोष्ट कुठे वळते ते पाहिलं. सेमेलवाइसची गोष्ट वळते ती पुरावा समोर असूनही लोक तो नाकारतात, या जागी. माझं भाषण नाकारण्याबद्दल नव्हतंच. माझ्या भाषणातली सगळी माणसं समजूतदार आणि मेहनती आहेत, कुणीही काही नाकारत नाही. तरीही माहिती गळते. हा किस्सा सांगून पुढे एककांबद्दल बोलायला लागले असते तर श्रोते मनातल्या मनात हटवादी वरिष्ठांची यादी करत बसले असते, आणि मी भलतीकडेच गेले असते.

किस्सा भाषणाला जोडणारा सांधा म्हणजे काय ते मला इथे स्पष्ट झालं. किस्सा आणि भाषण एकाच क्षेत्रातले असले म्हणजे जुळले, असं नाही. किस्सा ज्या जागी वळतो, त्याच जागी भाषणाचा मुद्दा हवा. क्षेत्र वेगळं असलं तरी चालतं, उलट बरंच. सेमेलवाइसच्या गोष्टीत दोषी कोण, तर डॉक्टर. पहिल्याच मिनिटात सभागृहातल्या एका गटाला खजील करायचं आणि दुसऱ्याला मनातून खूश करायचं, मग पुढे दोघांना एकत्र विचार करायला सांगायचं, हे कसं जमणार? शिवाय बाळंतपणातले मृत्यू. दीडशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वीचे असले तरी पुढच्या रांगेतल्या कुणाच्या घरात तसं काही घडलंय का, हे मला ठाऊक नव्हतं.

याच कारणानं आमच्याच कामातला एक प्रसंगही बाजूला ठेवला. प्रसंग अगदी चपखल होता आणि त्यात शेवटी कुणाला इजाही झाली नव्हती. नावं बदलली की झालं, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं. पण नाव बदलून ओळख पुसत नाही. विभाग, पाळी, साधारण काळ आणि काय घडलं, एवढं सांगितलं की तिथे काम केलेल्या माणसाला व्यक्ती कळतेच. आणि श्रोत्यांत तिथे काम केलेली माणसं असणारच होती. रुग्णाच्या नातेवाइकांनाही ते ओळखू आलं असतं. संबंधितांची परवानगी घेऊन सांगता येतं, पण परवानगी मागायची म्हणजे ज्या माणसाला ती घटना विसरायची आहे, त्याच्यापुढे ती पुन्हा उकरायची. दीड मिनिटाच्या किस्स्यासाठी एवढी किंमत मला नको होती.

मग वळणाच्या जागेवरून शोधायला लागले. "एककाशिवाय गेलेला आकडा" असं म्हटलं की पहिलं आठवतं ते १९९९ साली मंगळाजवळ हरवलेलं अमेरिकी यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर. जमिनीवरच्या एका प्रणालीनं बळाचा हिशेब पौंडांत दिला आणि दुसरीनं तो न्यूटनमध्ये आहे असं धरलं. वळण तंतोतंत तेच. कुणी मेलं नाही. पण संगणकवाल्यांच्या वर्तुळात हा किस्सा इतका घासून गुळगुळीत झालाय की "१९९९" म्हणताच निम्मं सभागृह मनात शेवटाला पोचतं. उरलेल्या निम्म्यांना मात्र यानाच्या छोट्या धक्क्यांचा हिशेब म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागतं. एका गटाला कंटाळा आणि दुसऱ्याला गोंधळ, हे मिश्र श्रोत्यांपुढचं सगळ्यात वाईट समीकरण.

शेवटी सापडलं ते विमान. २३ जुलै १९८३ रोजी मॉन्ट्रियलहून ऑटावामार्गे एडमंटनला निघालेलं एक बोइंग ७६७. इंधन दाखवणारी यंत्रणा चालत नव्हती, म्हणून टाकीतलं इंधन मोजपट्टीनं मोजलं गेलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायचे तर घनतेनं गुणायचं, म्हणजे साधारण ०.८ नं. कागदावर मात्र आकडा होता १.७७. तो होता एका लिटरमागचे पौंड. कॅनडात तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे जाणं चालू होतं, आणि या प्रकारची विमानं त्या कंपनीच्या ताफ्यात किलोग्रॅमवर चालणारी पहिलीच होती. बाकी सगळी विमानं पौंडांवर होती. ७,६८२ ला १.७७ नं गुणलं, २२,३०० मधून वजा केलं, पुन्हा १.७७ नं भागलं, आणि साधारण ४,९१७ लिटर भरले. भरायला हवे होते वीस हजारांहून थोडे जास्त.

या हिशेबातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की तो पुन्हा तपासला गेला होता. ऑटावाला थांबल्यावर परत मोजपट्टी घातली, परत गणित केलं, त्याच १.७७ नं. सगळं जुळलं. विमानातल्या संगणकात सुरुवातीचा इंधनसाठा हातानं भरलेला असल्यामुळे तोही निवांत होता. पुढे एकामागोमाग दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी मॅनिटोबातल्या गिमली इथल्या जुन्या हवाई तळाच्या धावपट्टीवर विमान तरंगत आणून उतरवलं. ६१ प्रवासी आणि ८ कर्मचारी, सगळे वाचले.

वळण बरोबर माझ्या वाक्यावर पडत होतं. शिवाय एक योगायोग असा होता की त्यामुळे पुढचा सांधा आयता मिळाला. किलो आणि पौंड यांतला फरक साधारण २.२ पट. लहान मुलांची औषधं वजनावर ठरतात, आणि वजन पौंडांत मोजून किलोच्या रकान्यात लिहिलं गेलं तर चूक होते तीही याच २.२ पटीची. विमानातली चूक आणि वॉर्डातली चूक सख्ख्या बहिणी निघाल्या.

आता हा किस्सा या सभागृहाला सुरक्षित आहे का, ते पाहायचं होतं. विनोद नाही, कुणाचा धर्म, जात, देश, लिंग, शरीर यांचा संबंध नाही, ते वरवरचं झालं. मी तीन माणसांची कल्पना केली. एक, ज्याला विमानाची भीती वाटते. दोन, ज्याच्या जवळचं कुणी अपघातात गेलंय. तीन, ज्याचं काम गोष्टीतल्या चूक करणाऱ्यासारखं आहे.

पहिल्या दोघांसाठी उपाय एकच निघाला: सगळे वाचले, हे सुरुवातीलाच सांगून टाकायचं. ओळखीच्या एका नाट्यकर्मीनं यावर कपाळाला हात लावला. "अहो, उत्कंठाच घालवलीत!" त्याचं बरोबर होतं, रंगमंचासाठी. पण मला "वाचले का?" ही उत्कंठा नकोच होती. ती असली की श्रोता शेवटाची वाट बघतो आणि मधला १.७७ त्याच्या कानावरून जातो. माणसं वाचली हे कळल्यावर मन मोकळं होतं आणि प्रश्न बदलतो: मग असं झालं कसं? मला तोच प्रश्न हवा होता. ज्याच्या घरात अपघाताची जखम आहे, त्यालाही दीड मिनिट श्वास रोखून बसावं लागत नाही.

तिसऱ्या माणसाची गोष्ट मला आमच्या वॉर्डातल्या एका ज्येष्ठ सिस्टरांनी दाखवली. त्यांना मसुदा वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, "इंधन भरणाऱ्यानं १.७७ नं गुणलं." त्या म्हणाल्या, "मॅडम, म्हणजे शेवटी खालच्या माणसानंच घोळ केला ना? आमच्याकडेही असंच म्हणतात." मला त्या वाक्यात तसं काही म्हणायचं नव्हतं, पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते तसंच लागत होतं. आणि ते वस्तुस्थितीलाही धरून नव्हतं. गणितात जमिनीवरचे कर्मचारी होते तसे वैमानिकही होते. पूर्वीच्या विमानांत इंधनाचा हिशेब तिसरा माणूस, म्हणजे फ्लाइट इंजिनिअर, बघायचा. या नव्या विमानात ती जागाच नव्हती, आणि ते काम आता कुणाचं, हे कंपनीत नीट ठरलेलं नव्हतं. एका माणसावर बोट ठेवणारं वाक्य सोपं होतं, पण त्यात अन्यायही होता आणि चूकही. मग कर्ता काढूनच टाकला. "कागदावर तो आकडा होता." विमान कंपनीचं आणि वैमानिकांची नावंही गाळली. ती काही गुपित नाहीत, पण नाव आलं की दोष त्या नावाला चिकटतो, आणि माझा मुद्दा कागदाबद्दल होता.

खरी झटापट झाली ती लांबीशी. पहिला मसुदा मोठ्यानं वाचला तर चार मिनिटांच्या आसपास गेला. चाळीस मिनिटांच्या भाषणात चार मिनिटं म्हणजे दहावा हिस्सा, आणि तोही मुद्दा सुरू होण्याआधीचा. मी दीड मिनिटाची मर्यादा घालून घेतली. मी मंचावर मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द बोलते, तेव्हा दीडशे शब्दांच्या वर जायचं नाही. दुभाषी सोबत असली की थोडं थांबत बोलावं लागतं, त्यामुळे एकशेतीसच्या आसपासच बरं.

काय कापायचं हे ठरवताना जीव तुटत होता, कारण या घटनेतले सगळ्यात सुंदर तपशील शेवटाकडे आहेत. वैमानिकाला ग्लायडर उडवायचा अनुभव होता. उंची कमी करायला त्यानं विमान तिरकं करून, कडेनं घसरवत खाली आणलं, जे एवढ्या मोठ्या विमानात सहसा कुणी करत नाही. आणि तो जुना हवाई तळ आता रिकामा नव्हता. धावपट्टीच्या एका भागावर त्या दिवशी मोटारींच्या शर्यती होत्या, कुटुंबं आली होती, आणि इंजिनं बंद असल्यामुळे विमान आवाज न करता त्यांच्या दिशेनं येत होतं. समोर सायकलवर पोरं होती. असा तपशील हातात असताना तो न सांगणं म्हणजे शिक्षाच.

पण तो ठेवला की काय होतं, ते मी एकीवर करून पाहिलं. माझी एक मैत्रीण वैद्यकातली नाही, विमानातलीही नाही. तिला लांब मसुदा ऐकवला, दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "काल काय सांगितलं होतं गं मी?" ती म्हणाली, "त्या पायलटनं कसलं भारी उतरवलं ना विमान!" १.७७ चा उल्लेखही नाही. गोष्टीचं वळण इंधनाच्या कागदावरून उचलून धावपट्टीवर नेऊन ठेवलं होतं, आणि ती शौर्यकथा झाली होती. शौर्यकथेपुढे माझं भाषण जुळत नाही. शूर माणसं शेवटी निभावून नेतात, असा तिचा अर्थ निघतो, आणि वॉर्डातल्या माणसांना तेच ऐकून कंटाळा आलाय.

तेव्हा उतरण्याचा प्रसंग एका वाक्यात बसवला. मॉन्ट्रियल, ऑटावा, एडमंटन गेली. बोइंग ७६७ गेलं. ७,६८२, ४,९१७, २२,३०० हे सगळे आकडे गेले. कानाला एका वेळी एखादाच आकडा धरता येतो, आणि तो १.७७ असायला हवा होता. घनता हा शब्दही काढला. तो विज्ञान शिकलेल्याला लगेच कळतो आणि इतरांना शाळेतल्या परीक्षेची आठवण करून देतो. त्याऐवजी "एका आकड्यानं गुणायचं" एवढंच ठेवलं. मेट्रिककडे होणारा बदल मात्र काढताना हात थांबला, कारण चुकीचं खरं कारण तेच. पण ते सांगायला तीन वाक्यं लागत होती आणि भाषणाच्या मध्यावर, जुनी आणि नवी प्रणाली एकत्र चालते त्या भागात, ते जास्त शोभत होतं. तिथे नेलं.

उरलं ते असं:

> २३ जुलै १९८३. कॅनडातलं एक प्रवासी विमान. आत ६९ माणसं. सगळी वाचली, हे आधीच सांगते.
>
> त्या दिवशी विमानाचे इंधनाचे काटे बंद होते, म्हणून इंधन मोजपट्टीनं मोजलं गेलं. पट्टीवरून कळतात लिटर. विमानाला हवे असतात किलो. लिटरचे किलो करायला एका आकड्यानं गुणायचं. कागदावर तो आकडा होता: एक पूर्णांक सत्त्याहत्तर.
>
> गुणाकार झाला. तपासला गेला. वाटेतल्या थांब्यावर पुन्हा मोजलं, पुन्हा तपासलं. दोन्ही वेळा उत्तर जुळलं.
>
> पुढे हवेत, एकामागोमाग, दोन्ही इंजिनं बंद पडली. भरलेलं इंधन हव्या असलेल्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी होतं. वैमानिकांनी विमान तरंगत एका जुन्या धावपट्टीवर उतरवलं.
>
> एक पूर्णांक सत्त्याहत्तर हा आकडा बरोबर होता. फक्त तो किलोंचा नव्हता, पौंडांचा होता. आणि कागदावर तेवढा एक शब्द नव्हता.

शेवटचा परिच्छेद आधी वर होता, आकड्याच्या लगेच मागे. तो खाली आणल्यावर गोष्ट जिथे वळते तिथेच संपली. मैत्रिणीला पुन्हा ऐकवलं, पुन्हा दुसऱ्या दिवशी विचारलं. या वेळी ती म्हणाली, "ते पौंड-किलोचं, दोनदा तपासूनही सापडलं नाही ते." एवढं पुरे होतं. श्रोत्याला गोष्ट आवडली का, हे विचारून काही कळत नाही. सगळे आवडली म्हणतात. एक रात्र मधे जाऊ द्यावी आणि त्याच्या तोंडून ती परत ऐकावी.

दुभाषीला मजकूर आठवडाभर आधी पाठवला. तिनं एकच गोष्ट मागितली: "एक पूर्णांक सत्त्याहत्तर" म्हटल्यावर क्षणभर थांबा, आकडा हातांनी दाखवायला वेळ लागतो. तो थांबा माझ्याही कामाला आला. आकडा हवेत लटकून राहतो आणि लोक तो धरून ठेवतात.

सुरुवातीला "मी तुम्हाला एक किस्सा सांगते" किंवा "हे तुम्ही ऐकलं नसेल" असलं काही ठेवलं नाही. पहिल्याची गरज नसते, किस्सा आपलं काम आपणच सुरू करतो, आणि दुसरं, ज्यानं हा किस्सा ऐकलाय त्याला उगाच डिवचतं. श्रोत्यांना काही विचारायचं असं सुचवणारेही होते, "काय झालं असेल, सांगा बघू?" मिश्र सभागृहात याचं उत्तर एकतर कुणीच देत नाही, किंवा ज्याला माहीत आहे तोच देतो, आणि गोष्ट त्याची होते.

किस्स्यानंतरच्या सांध्यावर किस्स्याइतकाच वेळ गेला. "यावरून आपल्याला काय कळतं" असं म्हणायचं नव्हतं. पडद्यावर फक्त एक रकाना दाखवला: "वजन", आणि त्यात ४०. एवढंच. मग वाक्य: "हा आकडा किलोंत असेल तर समोर साधारण बारा वर्षांचं मूल आहे. पौंडांत असेल तर पाच वर्षांचं. औषध कुणासाठी काढायचं?" तिथून थेट भाषणाचा पहिला भाग. विमान पुन्हा आलं ते एकदाच, मध्यावर, मेट्रिकच्या संदर्भात.

परिषदेच्या दिवशी उद्घाटन लांबलं आणि सूत्रसंचालकानं माझ्या कानात सांगितलं की दहा मिनिटं कापावी लागतील. त्यासाठी पाच-सहा वाक्यांची आवृत्ती आधीच लिहून ठेवली होती: तारीख, सगळे वाचले, कागदावरचा आकडा, दोनदा तपासणी, इंजिनं बंद, पौंड. तीच वापरली. मोजपट्टी आणि तरंगत उतरणं त्यात नव्हतं, आणि त्यांच्यावाचून काही अडलं नाही. कापायचं होतं ते मी भाषणाच्या मधल्या भागातूनही कापलं.

प्रश्नोत्तरांत एका औषधनिर्मात्यानं विचारलं की रकान्याच्या नावात एकक छापलं आणि कर्मचाऱ्यानं सवयीनं दुसऱ्याच एककात आकडा भरला, तर? प्रश्न बरोबर वर्मावर होता, कारण विमानाच्या कागदावर पौंड लिहिलं असतं तरी घाईतल्या माणसानं ते वाचलंच असतं असं नाही. त्यावर बराच वेळ बोललो: वजनकाटाच एका एककात कुलूपबंद करता येतो का, वयाशी न जुळणारं वजन प्रणालीनं अडवावं का, आणि अडवल्यावर ते रोज दाबून पुढे जाण्याची सवय लागली तर काय. एका परिचारिकेनं सांगितलं की त्यांच्याकडे काट्यावरचं एकक बदलण्याचं बटण टेप लावून झाकलंय. विमानाबद्दल प्रश्नोत्तरांत कुणीच काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत मात्र संगणकप्रणालीवाल्यांपैकी एक जण आला आणि म्हणाला, "तुम्ही सायकलवरच्या पोरांचं सांगितलंच नाही." त्याला ते सगळं माहीत होतं. मग आम्ही दोघं तिथेच उभं राहून, त्या तिरक्या उतरण्यापासून शर्यतीपर्यंत, ती गोष्ट पूर्ण सांगून घेतली.